दोन वेलांट्यांचा ‘ण’

लेकीची मराठीची वही झेरॉक्स करून शेजारच्या वहिनींना दिली. त्यांचा मुलगा आजारी होता. रात्री वहिनींचा निरोप आला, ‘तुमची मनू ‘आणि’ला दोन्हीकडून वेलांटी देते का हो? आमचा तसंच उतरवतोय.’

मनूने निळ्या पेनाने ‘आणी’ लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनाने उजवी वेलांटी खोडून डावीकडे ऱ्हस्व काढली. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सला लाल काय न् निळं काय, दोन्ही काळंच. त्यामुळे ‘ण’ला दोन्हीकडून मिठी. इंग्रजीत निदान चुकीच्या शब्दावर नवा शब्द लिहितात. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे अक्षराला चिकटलेली एक रेघ. ती कुणाची, हे फक्त शाई सांगते.

पुन्हा दुकानात गेलो. ‘कलर काढा.’

‘कलर बंद आहे. लाल तेवढं व्हाइटनरने घालवा की.’

बाईंच्या लाल रेघेखाली मनूचं निळं अक्षर होतं. व्हाइटनरने तेही गेलं असतं, पण हे त्याला सांगून काय उपयोग!

तेवढ्यात रांगेतले एक काका पुढे सरसावले. हातात मिठाईचा पुडा, वर लाल जिलेटीन पेपर. तो सोडवून त्यांनी वहीवर अंथरला आणि काय सांगू, बाई गायब! लाल कागदातून लाल शाई कागदाच्याच रंगाची दिसते आणि निळी काळी पडते. समासाची लाल रेघही गेली, तिचं काय एवढं. मनूचं ‘आणी’ अखंड समोर. मी हरखलो. काका फुगले, म्हणाले, ‘अस्संच ठेवा मशिनवर.’

ठेवलं. पान निघालं काळंकुट्ट. लाल काळंच दिसणाऱ्या यंत्राला अख्खा लाल कागद दिल्यावर दुसरं काय होणार? त्या डांबराचेही पैसे घेतले.

घरी रंगीत स्कॅन करून नुसता लाल चॅनेल, म्हणजे चित्रातला फक्त लाल प्रकाशाचा थर, पाहिला की हेच साधतं. मनू सुटी निघते. पण नुसत्या बाई हव्या असतील तर अवघड. निळा चॅनेल घेतला की लाल गडद होतं, निळं फिकं पडतं, पण पुरतं जात नाही. आणि जिथे रेघा एकमेकींवरून जातात तिथे कुणाची कुठली, हे देवच जाणे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर घेऊच नये, त्यात रंग आधीच एकमेकांत फिसकटलेले असतात.

हे मी सांगत होतो, पण काका वही वाचत होते. ‘कवी? दीर्घ? तत्सम शब्द आहे हा!’

‘काका, १९६२च्या नियमांपासून दीर्घच.’

‘ते तुमचे नियम!’ खिशातून पेन काढून त्यांनी बाईंची लाल वेलांटी खोडली आणि ठसठशीत ऱ्हस्व दिली. पेन निळं. मनूच्याच निळ्यासारखं! आता कुठलं जिलेटीन आणि कुठला चॅनेल? दुकानदार हसत होता, मागचे ‘चला, आवरा’ करत होते आणि मला वयाचा मान राखून गप्प बसावं लागलं. हा मान राखण्याचा ठेका आमच्याच पिढीने घेतलाय जणू.

सोमवारी वही परत आली. ‘कवि’भोवती लाल गोल, खाली शेरा: ‘दुरुस्ती खोडू नये. पालकांची सही आणणे.’