दुसरं इंद्रधनुष्य हे पहिल्याचं प्रतिबिंब नव्हे

"इंद्रधनुष्यात मोठे थेंब वर असतात, ते तांबडा रंग देतात. बारीक थेंब खाली असतात, ते जांभळा देतात. वरचं फिकट दुसरं इंद्रधनुष्य म्हणजे पहिल्याचं ढगावर पडलेलं प्रतिबिंब. आरशात उजवं-डावं उलटतं, तसे त्यात रंग उलटतात."

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या जोड इंद्रधनुष्याच्या फोटोंखाली हा मजकूर फिरतो आहे. मला तो खटकतो, कारण खरं कारण याहून सुंदर आहे आणि ते आपल्या उघड्या डोळ्यांनी पडताळता येतं.

आधी थेंबांच्या आकाराचं. पावसाचे थेंब हवेत आकाराप्रमाणे थर लावून उभे राहत नाहीत, ते सगळे खाली येत असतात. एकच थेंब उंचावर असताना तुमच्या डोळ्याला तांबडा प्रकाश पाठवतो, थोडा खाली आला की पिवळा, मग हिरवा आणि शेवटी जांभळा. त्याची जागा लगेच वरचा थेंब घेतो, म्हणून कमान स्थिर वाटते. प्रकाश थेंबात शिरून किती वळेल, हे पाण्यावर आणि किरण थेंबाच्या मध्यापासून किती बाजूला आदळला यावर ठरतं. थेंब एक मिलिमीटरचा असो वा अर्ध्याचा, तो कोन तोच.

आकाराने बदलतो तो रंगांचा ठसठशीतपणा. चोर्ल्याच्या घाटात धुक्यामागून ऊन आलं तर जवळजवळ पांढरी कमान दिसू शकते. धुक्याचे कण इतके सूक्ष्म असतात की प्रकाश पसरतो आणि रंग एकमेकांत मिसळतात. बारीक थेंबच जांभळा देत असते, तर ती कमान जांभळी दिसायला हवी होती.

मग तानापिहिनिपाजा हा क्रम कशाने ठरतो? सूर्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या डोक्याच्या सावलीची दिशा म्हणजे कमान ज्या वर्तुळाचा भाग आहे त्याचं केंद्र. किरण थेंबात शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवरून परत फिरतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. बाहेर येणारे किरण एका ठरावीक कोनाशी गर्दी करतात. तांबड्याची गर्दी त्या केंद्रापासून सुमारे 42 अंशांवर होते, जांभळ्याची सुमारे 40 अंशांवर. उंचावरच्या थेंबाचा तांबडा किरण तुमच्या डोळ्यात येतो, त्याच थेंबाचा जांभळा डोक्यावरून निघून जातो. खालच्या थेंबाचं नेमकं उलट होतं: जांभळा डोळ्यात, तांबडा पायांपुढच्या जमिनीवर. म्हणून तांबडा कायम बाहेरच्या कडेला.

आता उलट्या क्रमाचं. शाळेच्या कवायतीतलं "पीछे मुड" आठवा. पूर्ण मागे वळणं म्हणजे 180 अंश. पहिल्या इंद्रधनुष्याचा किरण थेंबातून एकूण सुमारे 138 अंश वळून निघतो, म्हणजे पूर्ण मागे वळायला 42 अंश कमी पडतात. दुसऱ्या इंद्रधनुष्याचा किरण थेंबाच्या आत दोनदा परत फिरतो आणि सुमारे 231 अंश वळतो, म्हणजे 180 ओलांडून 51 अंश पुढे जातो. जांभळा प्रकाश पाण्यात तांबड्यापेक्षा नेहमी थोडा जास्त वळतो, एवढी एकच गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जो कमी पडतो त्याने जास्त वळलं की त्रुटी घटते, म्हणून पहिल्यात जांभळा केंद्राकडे, आत जातो. जो पुढे गेला आहे त्याने जास्त वळलं की तो आणखी पुढे जातो, म्हणून दुसऱ्यात जांभळा बाहेर, तांबडा आत. दोन्ही कमानींचे तांबडे काठ समोरासमोर येतात ते यामुळे.

ही दोन परावर्तनं कल्पनेतली नाहीत. 1300 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी आणि जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक यांनी, एकमेकांना न कळता, पाण्याने भरलेला काचेचा गोळा हाच मोठा थेंब मानून किरणांची वाट शोधली. पुढे 1637 मध्ये फ्रेंच गणितज्ञ देकार्तने एकेका किरणाचं गणित करून 42 आणि 51 च्या आसपासची गर्दी दाखवली.

दुसरी कमान फिकट असते, त्याचंही कारण थेंबातच आहे. आतली परावर्तनं "पूर्ण" असतात असं बरेच जण लिहितात, ते चूक आहे. पहिल्या कमानीचा किरण थेंबाच्या मागच्या भिंतीवर सुमारे 40 अंशांनी आदळतो, आणि पूर्ण परावर्तनाला जवळजवळ 49 अंश लागतात. त्यामुळे बहुतेक प्रकाश मागून गळून जातो, थोडाच परत फिरतो. दोनदा फिरायचं तर दोनदा गळती. शिवाय जो उरतो तो जास्त रुंद पट्ट्यावर पसरतो.

प्रतिबिंबाची गोष्ट मात्र साध्या नजरेनेही टिकत नाही. तळ्यात झाड दिसतं तेव्हा अख्खं झाड उलटं होतं. पहिल्या कमानीचं वर ढगात प्रतिबिंब पडलं असतं, तर कमानच वाटीसारखी उलटी दिसली असती. इथे कमान सरळ, तिचं केंद्रही पहिलीचंच, आणि फक्त रंग उलटे. असं कुठलाही आरसा करत नाही. ढग तर आरसाही नाही, तो प्रकाश चहूकडे विखुरतो.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर सप्टेंबरअखेर संध्याकाळी पाचला उभे आहात असं धरा. सूर्य क्षितिजापासून साधारण 20 अंश वर असतो, म्हणजे डोक्याच्या सावलीची दिशा तेवढीच खाली. पूर्वेला पाऊस असेल तर पहिल्या कमानीचा माथा 42 वजा 20, म्हणजे 22 अंशांवर येईल. दुसरीचा 51 वजा 20, म्हणजे 31 अंशांवर. हात ताणून धरलेली वीत साधारण 20 अंशांची असते. पहिली कमान क्षितिजावर एक वीत आणि दुसरी दीड वीत भरायला हवी. दोन्हींमधलं आकाश आसपासच्यापेक्षा काळसर दिसेल. एकदा परावर्तित झालेला प्रकाश 42 च्या आतच राहतो, दोनदा झालेला 51 च्या बाहेर, मधल्या पट्ट्यातले थेंब तुमच्याकडे यातला कुठलाच पाठवत नाहीत. सुमारे 1800 वर्षांपूर्वी अफ्रोडिसियासच्या अलेक्झांडर या ग्रीक तत्त्वज्ञाने हा पट्टा नोंदवला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

पाऊस नसला तरी ऊस किंवा तंबाखूच्या रानात फवारणी पंपात साधं पाणी भरून, सूर्याकडे पाठ करून, सावलीच्या आसपास फवारा मारा. पहिली कमान सहज दिसेल. दुसरी दिसायला मागे गर्द काळी माती किंवा झाडी हवी.

प्रतिबिंबामुळे होणारं एक खरं इंद्रधनुष्यही असतं. आमच्या सीमाभागातले कन्नड बोलणारे शेजारी इंद्रधनुष्याला कामनबिल्लु म्हणतात, आणि हिडकलच्या जलाशयासारख्या शांत पाण्याजवळ दोन कामनबिल्लु वेगळ्याच रीतीने दिसू शकतात. पाठीमागच्या पाण्यावरून परतलेलं ऊन थेंबांवर खालून पडतं, जणू दुसरा सूर्य क्षितिजाखाली आहे. त्यामुळे आणखी एक, जास्त उंच कमान तयार होते. तिच्यात रंगांचा क्रम पहिलीसारखाच असतो, तांबडा बाहेर. ती पहिल्या कमानीला दोन्ही बाजूंनी क्षितिजावर येऊन भेटते. म्हणून जोड कमानीचा फोटो काढाल तेव्हा पायथा चौकटीत घ्या. कमानी तिथे जुळल्या आणि रंग सरळ असले तर ते पाण्यावरून आलेलं ऊन. अंतर तसंच राहिलं आणि रंग उलटे असले तर ती थेंबातली दोन परावर्तनं.