मी शरण जातो, आपला आज्ञाधारक

माद्रिदच्या एका शाळेत चार वर्षं गणित शिकवल्यावर मला लिस्बनच्या शाळेत नोकरी मिळाली. १ सप्टेंबरला रुजू व्हायचं होतं. आनंद पोटात मावेना. तेव्हा लक्षात आलं की आधी इथली नोकरी सोडायची आहे आणि ती स्पॅनिशमध्ये सोडायची आहे. चार वर्षांत मी या भाषेत मुलांना अपूर्णांक समजावले, पालकांची समजूत काढली, फळवाल्याशी घासाघीस केली. पण राजीनामा कधी दिला नव्हता.

एका रात्री मसुदा लिहिला. शाळेत शिकलेलं अर्जलेखन हातात इतकं मुरलेलं की पेन आपोआप ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की’ या वाटेला लागलं आणि ‘तरी कृपया माझा राजीनामा मंजूर व्हावा ही नम्र विनंती’ इथे येऊन थांबलं. खाली ‘आपला आज्ञाधारक’. हे सगळं शब्दाला शब्द लावून स्पॅनिशमध्ये उतरवलं. राजीनामा म्हणजे इंग्रजीत रिझाइन, मग स्पॅनिशमध्ये ‘रेसिग्नार’ असणारच, अशा आत्मविश्वासाने सुरुवात केली: ‘मे रेसिग्नो’.

स्टाफरूममध्ये इतिहास शिकवणाऱ्या बाईंना तो कागद दाखवला. त्या युनियनचं काम बघायच्या, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, “काही वाईट बातमी आहे का?” ‘मे रेसिग्नो’ म्हणजे ‘आता नशिबात असेल ते मी निमूट सोसतो’. पुढच्याच ओळीत लिस्बनला जायचा उत्साह व्यक्त करायला मी स्वतःला ‘एक्सथितादो’ म्हणवून घेतलं होतं. बाईंनी तो शब्द पेन्सिलीने इतका गडद खोडला की कागद फाटला. हा शब्द बहुतेक वेळा शारीरिक उत्तेजनेसाठी वापरतात, मुख्याध्यापिकेला लिहायच्या पत्रात तर नाहीच, एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे माझ्या पत्राचा सारांश असा झाला होता: मी नशिबाला शरण गेलो आहे, पण परदेशी जायच्या कल्पनेने भलताच पेटलो आहे, तरी मंजुरी मिळावी.

मंजुरीवरून त्या खऱ्या भडकल्या. “तू परवानगी का मागतोयस? नाही म्हणाली तर राहणार आहेस?” स्पेनमध्ये नोकरी सोडणं हा अर्ज नसतो, ती सूचना असते. ‘ले कोमुनिको’, म्हणजे ‘आपणास कळवतो’, एवढंच. कामगार कायद्याला कारणही लागत नाही, लागते ती फक्त पूर्वसूचना. ती किती दिवसांची हे ‘कोन्बेनियो’ ठरवतो, म्हणजे त्या क्षेत्रातल्या मालकांचा आणि युनियनचा सामूहिक करार. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस असतात, आमच्या करारात शिक्षकांना एक महिना होता. मग त्यांनी माझ्या सव्वा पानाच्या निवेदनाच्या पाच ओळी केल्या. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतली चमक गेली, स्पॅनिश संस्कृतीबद्दलची कृतज्ञता गेली, लिस्बन तर पार गेलं. (“तुझं पुढचं ठिकाण त्यांना कशाला?”) कृतज्ञतेचा परिच्छेद कापला गेला तेव्हा मला जरा लागलं. पण खरं सांगायचं तर तो मी विकिपीडियावरून घेतला होता.

त्या चार वर्षांत मुख्याध्यापिकेला सगळे ‘तू’च म्हणत. मीही म्हणायचो, खांद्यावर हात ठेवून. पत्रात मात्र ती एकदम ‘उस्तेद’ झाली. संबोधनानंतर स्वल्पविराम नाही, दोन टिंबं. शेवटी ‘आतेन्तामेन्ते’, म्हणजे ‘आपला विश्वासू’सारखं काहीतरी. ‘आज्ञाधारक’ स्पॅनिशमध्ये वाचून बाईंना खोकला आला होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तारखेवर. ‘कोन एफेक्तोस’, म्हणजे अमुक तारखेपासून लागू, असा शब्दप्रयोग असतो. मी ‘३१ ऑगस्टपासून’ लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, ३१ हा नोकरीतला दिवस की नोकरी सुटल्यानंतरचा? म्हणून स्पष्ट लिहिलं: ३१ ऑगस्ट, हाच माझा शेवटचा दिवस. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. महिन्याची सूचना म्हणजे पत्र ३१ जुलैपर्यंत पोचायला हवं. आज उद्या करत १० ऑगस्टला दिलं तर दहा दिवस कमी पडणार, आणि आमच्या करारानुसार उशिराच्या प्रत्येक दिवसाला एका दिवसाचा पगार कापला जाणार. माझा महिन्याचा पगार १,९०० युरो धरला तर दिवसाचे ६३. दहा दिवसांचे ६३० युरो आळशीपणापायी ‘फिनिकीतो’तून वळते झाले असते. फिनिकीतो म्हणजे शेवटचा चुकता हिशेब: राहिलेला पगार, न घेतलेल्या सुट्ट्यांचे पैसे, वर्षाच्या जादा पगाराचा उरलेला वाटा. स्वतःहून सोडणाऱ्याला भरपाई नाही आणि बेरोजगारी भत्ताही नाही. म्हणून ‘काढलं’ आणि ‘सोडलं’ या दोन शब्दांत स्पेनमध्ये लोक इतकं जपून बोलतात.

जुलैत कचेरी दोन वाजता बंद होते. २८ तारखेला मी पावणेदोनला पोचलो. धापा टाकत सचिवबाईंना म्हणालो, “मला बाखा द्यायची आहे.” त्या घाबरून उभ्या राहिल्या. “बस, बस! काय होतंय? डॉक्टरांचा कागद आणलास?” कारण नुसती ‘बाखा’ म्हटली की आजारपणाची रजा. नोकरी सोडायची असेल तर ‘बाखा बोलुन्तारिया’, म्हणजे स्वेच्छेची. ते एक विशेषण मी दारातच गाळलं होतं. घामाने माझा चेहरा आजाराला साजेसा होताच. त्यांनी पाण्याचा ग्लास आणला, तो मी प्यायलो आणि मगच पत्र पुढे केलं. वाचून त्या जरा दुखावल्यासारख्या वाटल्या. पाणी फुकट गेलं म्हणून असेल.

दोन प्रती नेल्या होत्या. दुसऱ्या प्रतीवर ‘रेथिबी’ लिहून, तारीख घालून सही घ्यायची, अशी बाईंची ताकीद होती. रेथिबी म्हणजे ‘मिळालं’. सही नाकारली तर पोस्टातून बुरोफाक्स पाठवायचा, त्यात काय लिहिलं होतं आणि कधी पोचलं याचा दाखला मिळतो. तशी वेळ आली नाही. शिक्का बसला, सही झाली, आणि प्रतीवरच्या नावाकडे माझं लक्ष गेलं: सेन्योर वसंत.

वसंत माझे वडील. पासपोर्टवर माझ्या नावामागे त्यांचं नाव आहे, मग आडनाव, कुलकर्णी. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, बहुधा पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, आणि हाक पहिल्याने. त्यामुळे चार वर्षं मी इथे वसंत होतो. वर्गात पोरं “प्रोफे वसंत!” ओरडली की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

लिस्बनहून नेमणुकीचं पत्र आलं त्यात मात्र मी ‘सेन्योर कुलकर्णी’ होतो. पोर्तुगीजांत बहुधा आईचं आडनाव आधी, वडिलांचं शेवटी, आणि हाक शेवटच्याने. मी लगेच बाबांना फोन लावून हा उलगडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“म्हणजे,” बाबा म्हणाले, “आता मी तुझ्या आईच्या माहेरचा?”