खपलीचं राहू दे, चिठ्ठीत तारीख लिही

"कांजिण्या आल्या तर शाळेला नाव कळवू नका, नाव काढलं की देवी कोपते. चिठ्ठीत 'ताप आहे' एवढंच लिहा. फोड ओले असताना काही पसरत नाही, खपल्या पडायला लागल्या की मग पसरतं, तेव्हा आठ दिवस घरी ठेवा. नऊ दिवस आंघोळ नाही, औषध नाही. घरातल्या सगळ्या पोरांना एकदमच येऊन जाऊ द्या, परत जन्मात येत नाहीत. सर्व पालकांना पाठवा."

हे मला सोमवारी रात्री खानापुराहून धाकट्या बहिणीनं पाठवलं. खाली तिनं विचारलं होतं, "दादा, ओंकारला आज सकाळी पुरळ आलंय. चिठ्ठी लिहून ठेवलीय, तापाचीच. बरोबर आहे न्हवं?" बरोबर नाही. मी फोनवरच ती चिठ्ठी फाडायला लावली.

खपलीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो नुसता चूक नाही, अगदी उलटा आहे. कांजिण्यांचं मूल पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला रोग देऊ शकतं. सगळ्या फोडांवर खपली धरली की ते थांबतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, हाच नियम आहे आणि आमच्या डॉक्टरांनीही तोच सांगितला. विषाणू असतो फोडांतल्या पाण्यात आणि मुलाच्या श्वासात. वाळलेल्या खपलीतून कांजिण्या पसरत नाहीत. म्हणजे या मेसेजप्रमाणे वागलात तर मूल ओल्या फोडांनिशी वर्गात बसणार आणि धोका संपल्यावर घरी बसणार.

मग ही समजूत आली कुठून? इथं मला थोडं नमतं घ्यावं लागतं. जुन्या देवीच्या रोगात खपल्या खरोखरच धोक्याच्या होत्या, शेवटची खपली गळेपर्यंत रोग्याला वेगळं ठेवत. आमच्या आजीनं तो रोग पाहिला होता, ती वेड्यासारखं बोलत नव्हती. पण देवीचा रोग 1980 साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला आणि त्याचा नियम मात्र कांजिण्यांना चिकटून राहिला. आमच्या गल्लीत मराठी घरी बाई येतात, कन्नड घरी अम्मा येते. नावं दोन, विषाणू एकच, आणि तो देवीचा नव्हे.

आता तापाच्या चिठ्ठीचं बघू. ओंकारला पुरळ दिसलं 10 फेब्रुवारीला, सोमवारी. म्हणजे शनिवारी, 8 तारखेला, सकाळची शाळा करून, शेजारच्या पोरीच्या वहीत डोकं घालून तो घरी आला, तेव्हाच तो रोग वाटत असणं शक्य होतं. नुसतं 'ताप' लिहिलं तर बाई हजेरीत रजा मांडतील आणि विषय संपेल. 'कांजिण्या, पुरळ 10 तारखेला' असं लिहिलं की त्यांना मोजता येतं. संसर्ग झाल्यावर पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात. शनिवारपासून मोजलं तर 18 फेब्रुवारी ते 1 मार्च या दिवसांत कुणाच्या अंगावर फोड दिसले तर त्याला दुपारचं जेवण होईपर्यंतही वर्गात ठेवायचं नाही.

तारखेचं खरं काम मात्र वेगळंच निघालं. चिठ्ठी पोचली त्याच दिवशी मुख्याध्यापकांचा बहिणीला फोन आला. शेजारच्या वर्गाच्या बाई चौथ्या महिन्यात होत्या, शनिवारी दोन्ही वर्ग एकत्र बसले होते, आणि लहानपणी आपल्याला कांजिण्या झाल्या होत्या का हे त्यांना आठवत नव्हतं. गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्या तर क्वचित बाळात व्यंग राहू शकतं, आणि आईला न्यूमोनिया होण्याची भीती असते ती वेगळीच. गरोदर बाईला कांजिण्यांची लस देता येत नाही. रक्तात प्रतिकारशक्ती नसेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात, तेही संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. आठ तारखेपासून दहा दिवस म्हणजे 18 तारीख. त्या बाई बेळगावला जाऊन रक्त तपासून आल्या. प्रतिकारशक्ती निघाली, लहानपणी कधीतरी होऊन गेलं असणार. 'ताप' लिहून गप्प बसलो असतो तर यातलं काहीच त्यांना वेळेत कळलं नसतं.

देवी कोपण्याबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे घरात बाई आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात. तो डहाळा कशासाठी असतो? येणाऱ्याला बाहेरूनच कळावं म्हणून! जुनी रीत रोग दारावर जाहीर करायची, आणि हा मेसेज रीतीच्याच नावानं तो लपवायला सांगतोय.

बाकीचं उरकतो. आंघोळ बंद नको. कोमट पाण्यानं अंग धुवा, पुसताना घासू नका, नखं कापा, कारण खाजवून फोड पिकतात. कडुनिंबाचा पाला पाण्यात घातला तर घाला, पण तो औषध नव्हे. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. ॲस्पिरिन अजिबात नाही, त्यानं मुलाच्या यकृताला आणि मेंदूला घातक इजा होऊ शकते. मूल फार सुस्त झालं, धाप लागली किंवा फोडांभोवती लाल, गरम सूज पसरली तर नऊ दिवस मोजत बसू नका. जन्मात परत येत नाहीत हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे, तेवढं मान्य. पण विषाणू नसांत दडून राहतो आणि पुढे नागीण होऊन निघू शकतो. पोरांना मुद्दाम एकत्र निजवणाऱ्यांनी घरातल्या तान्ह्याचा विचार केलाय का? लस आहे, सरकारी मोफत यादीत नाही, खासगीत मिळते. ती न झालेल्या भावंडाला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिली तरी रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो, तेव्हा डॉक्टरांना लगेच विचारा.

बहिणीनं शेवटी लिहिली ती चिठ्ठी अशी:

"माननीय बाई, सा. न. माझा मुलगा चि. ओंकार, इयत्ता तिसरी, याला कांजिण्या आल्या आहेत. पुरळ 10 फेब्रुवारीला दिसले. तो 8 तारखेला शाळेत होता, त्यामुळे त्याच्याजवळ बसणाऱ्या मुलांच्या पालकांना कळवावे. शाळेत कोणी गरोदर असेल किंवा कोणा मुलाचे मोठ्या आजाराचे औषध चालू असेल तर त्यांना आजच सांगावे. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्याला घरी ठेवते. कमीत कमी पाच दिवस लागतील, नवे फोड येत राहिले तर जास्त. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. अभ्यास फोनवर कळवावा, वह्या न्यायला कोणाला पाठवू नये. आपली विश्वासू."

नवे फोड गुरुवारपर्यंत येत होते. डोक्यात केसांखाली आणि तोंडात आहेत का हेही ती रोज बघायची, कारण अंगावरचे वाळले तरी ते मागे राहतात. सोमवारी, 17 तारखेला, एकही ओला उरला नाही आणि मंगळवारी ओंकार शाळेत गेला, खपल्यांसकट. दारात एका पालकांनी हटकलं, तेव्हा बाईंनीच त्यांना समजावलं. 24 तारखेला शेजारच्या बाकावरच्या पोरीला पुरळ आलं. तिच्या आईची चिठ्ठी त्याच सकाळी आली, पहिल्याच ओळीत तारीख.