गेटच्या कॅमेऱ्याबद्दल आमचे उत्तर

★☆☆☆☆ "दोन महिन्यांत गेटचा कॅमेरा आणि एनव्हीआर दोन्ही गेले. म्हणे वीज पडली! वीज पडली असती तर टीव्ही नसता का उडाला? जॉइंटमध्ये पाणी गेलंय, आता कारणं सांगतायत."

सर, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण टीव्हीचा मुद्दा वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

वीज घरावरच पडावी लागते असं नाही. जवळपास कोसळली तरी लांब तारेत क्षणभर मोठा व्होल्टेज चढतो. तुमच्या टीव्हीची वायर भिंतीतली, दोन-चार मीटरची. गेटची कॅट-सिक्स केबल सत्तर मीटर, तीही उघड्यावरून. शिवाय गेटचा लोखंडी पोल तिथल्या जमिनीत आणि एनव्हीआर घराच्या अर्थिंगवर. वळवाच्या त्या रात्री दोन्हीकडच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये जो फरक पडला, त्याला वाट मिळाली ती याच केबलची. म्हणून एनव्हीआर अख्खा गेला नाही, फक्त गेटच्या केबलचा चार नंबरचा पोर्ट गेलाय. बाकीचे तीन कॅमेरे आजही चालू आहेत, मोबाइलवर बघा.

जॉइंटमध्ये पाणी गेलं असतं तर कॅमेरा असा एका कडाक्यात बंद पडला नसता. आधी पावसात चित्र जाऊन उन्हात परत आलं असतं, नाहीतर रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा रीस्टार्ट होत राहिला असता. पिनांवर हिरवट गंज दिसतो तो वेगळाच. आमच्या मुलाने तुमच्यासमोर बॉक्स उघडला तेव्हा पिना चकचकीत होत्या. केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून आत घेतलीय आणि त्याआधी तिला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. जॉइंटला साधी काळी टेप नाही, एकजीव होणारी रबर टेप आहे. साधी टेप उन्हात सुटते, म्हणून आम्ही ती वापरतच नाही.

आता कोटेशन. त्यात दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर आणि पोलपाशी अर्थिंगचा रॉड मिळून साडेचार हजार लिहिले होते. "कॅमेऱ्याला कसलं अर्थिंग?" म्हणून ती ओळ तुम्हीच खोडलीत. तो कागद आमच्याकडे आहे. नुसता अरेस्टर लावूनही भागलं नसतं, कारण त्याने अडवलेला करंट जमिनीत सोडायला आखूड, सरळ, जाड वायर लागते. तिची गुंडाळी करून ठेवली की उपयोग गेला. घराकडचा अरेस्टर घराच्याच अर्थिंगला जोडायचा. एवढं करूनही वीज थेट पोलवरच पडली तर काही वाचत नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं.

विजेने जळालेलं कंपनी वॉरंटीत धरत नाही. तरी नवीन कॅमेरा आम्ही खरेदीच्या भावात देऊ, मजुरी घेणार नाही. गेटची केबल एनव्हीआरच्या बाहेर छोट्या पीओई स्विचवर घेऊ, म्हणजे पोर्ट बदलण्याचा खर्च वाचेल. कोटेशनची पद्धतही जरा सुधारतोय. अरेस्टर आणि अर्थिंगशिवाय मात्र गेटचं काम पुन्हा करणार नाही. चालणार असेल तर फोन करा, माणूस पाठवतो.