झूम करतील म्हणे, पण रेघच दिसली नाही तर झूम कशावर करणार?

"हल्ली फोनचं रिझोल्यूशन लॅपटॉपपेक्षा भारी असतं आणि पीडीएफ व्हेक्टर असते, त्यामुळे काही गायब होत नाही. फॉन्ट १२ च्या वर ठेवा, ज्याला दिसणार नाही तो झूम करेल. फारच वाटलं तर लॅपटॉपवर २५ टक्के झूम करून बघा, डेक मोबाईलवर वेगळा चेक करत बसायची गरज नाही."

प्रेझेंटेशनचा डेक पीडीएफ करून फोनवर पाठवण्याबद्दलचा हा मेसेज मला महिन्याभरात तीन ग्रुपवर आला, आणि मी स्वतः दोन वर्षं अगदी असाच वागत होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रिझोल्यूशन. पिक्सेल जास्त आहेत हे खरंय, माझ्या फोनची रुंदी १०८० पिक्सेल आहे. पण फोन उभा धरला की ते १०८० पिक्सेल बसतात किती जागेत, तर पावणेसात सेंटीमीटरमध्ये. पट्टी घेऊन मोजा, साडेसहा इंची फोनची काच साधारण एवढीच रुंद भरते. आणि पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड १३.३३ इंच रुंद असते, म्हणजे जवळपास ३४ सेंटीमीटर. ३४ चे पावणेसात म्हणजे बरोबर पाचपट बारीक. मग तुमचा १२ चा फॉन्ट लोकांच्या हातात २.४ पॉइंटचा होऊन पोचतो. पिक्सेल कितीही ओता, २.४ पॉइंटचं अक्षर कितीही कोरीव असलं तरी ते २.४ पॉइंटचंच. औषधाच्या पट्टीमागची अक्षरं आठवा आणि त्याहून लहान समजा. चाळिशी लागलेल्या माणसाला तर सोडाच, माझ्या भाच्यालाही ते वाचता आलं नाही.

इथेच तो १२ चा नियम पण निकालात निघतो. कागद कुठला ते न सांगता फॉन्टचा आकडा सांगणं म्हणजे गिऱ्हाईकाचं माप न घेता कापड फाडण्यासारखं आहे. गूगल स्लाइड्सचं नेहमीचं पान १० इंच रुंद असतं, तिथला १२ हा पॉवरपॉइंटच्या १६ एवढा दिसतो. मी उलटा हिशोब करतो. उभ्या फोनवर, चालत्या गाडीत, निदान ६ पॉइंटएवढं तरी अक्षर दिसायला हवं असं माझं मत, म्हणजे पॉवरपॉइंटच्या आडव्या स्लाइडवर ३० हवा. २० च्या खालचं काहीही मी आता लिहितच नाही, ते २० सुद्धा फोनवर ४ चं होतं आणि तेही मी फक्त तारखा-बिरखांसाठी वापरतो. फोन आडवा केला तर बारीक होणं पाचपटीवरून पावणेतीनपटीवर येतं हे मान्य, पण आजूबाजूला बघा, कितीजण ऑटो रोटेट चालू ठेवतात?

आता झूम. हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो पण त्यात दोन ठिकाणी खोट आहे, आणि दुसरी जास्त महागात पडते.

पहिली खोट सगळ्यांना कळते. स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये एका हातात दांडा आणि दुसऱ्यात फोन, दोन बोटांनी चिमटा काढायला तिसरा हात कुठून आणायचा. डबल टॅप करून कसंबसं तिप्पट मोठं केलं तरी उभ्या स्क्रीनवर स्लाइडच्या रुंदीचा एक तृतीयांश तुकडा राहतो. टेबल असेल तर डावीकडचं नाव आणि उजवीकडचा आकडा एकत्र कधीच दिसत नाहीत, वरचं हेडिंगही अर्धवट कापलेलं असतं. माणूस बोटाने स्लाइड इकडून तिकडे ओढत बसतो, सिग्नल सुटतो, धक्का बसतो आणि तो दुसऱ्याच ओळीचा आकडा वाचतो. शिवाय आपल्याकडे लोक पीडीएफ फॉरवर्ड करत नाहीत, स्क्रीनशॉट काढून टाकतात. स्क्रीनशॉटला पुढे झूम असं काही उरतच नाही, ११ चं अक्षर त्यात जेमतेम १२ पिक्सेल उंचीत कोंबलेलं असतं, आणि देवनागरीत त्याच १२ मध्ये वरचा रफार, अनुस्वार, शिरोरेघ आणि खालचा उकार सगळं बसवायचं असतं. मोठं केलं की नुसती काजळी दिसते.

दुसरी खोट माझ्या अंगावर आली ती सांगतो. कर्वेनगरातली आमची सोसायटी, पाण्याच्या टँकरचा खर्च. सभेच्या आधी मी सात स्लाइडचा डेक ग्रुपवर टाकला. चौथ्या स्लाइडवर दर महिन्याच्या टँकरचा आलेख होता, मार्चला २८, एप्रिलला ३७, मेला ४४. आणि आडवी एक रेघ, मंजूर बजेटची, महिन्याला ३० टँकर. सगळा डेक त्या एका रेघेसाठी होता. ती मी अर्ध्या पॉइंटची, करड्या रंगाची काढली होती कारण लॅपटॉपवर ती फार शोभून दिसत होती, शेजारी १० च्या फॉन्टमध्ये "मंजूर मर्यादा".

सभेत बी विंगमधले काका म्हणाले, "अरे उन्हाळ्यात टँकर वाढतातच, त्यात एवढं काय?" मी म्हटलं, "काका, बजेटच्या दीडपट गेलंय, आलेखात रेघ आहे ना." काकांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला, "दाखव." मला माझीच रेघ सापडायला वेळ लागला.

झालं काय होतं ते नंतर घरी बसून काढलं. चार्ट टाकला की पॉवरपॉइंट मागे आपणहून फिकट आडव्या रेघा घालतो, पाऊण पॉइंटच्या. स्लाइडवर १ पॉइंट म्हणजे माझ्या उभ्या फोनवर साधारण १ पिक्सेल. तर माझी अर्ध्या पॉइंटची रेघ अर्ध्या पिक्सेलएवढी झाली, आणि अर्धा पिक्सेल रंगवता येत नाही म्हणून स्क्रीनने अख्खा पिक्सेल अर्ध्या रंगात रंगवला. करडा निम्मा झाला की जवळपास त्या मागच्या फिकट रेघांसारखाच दिसतो. म्हणजे पाच-सहा फिकट रेघा, त्यातलीच एक बजेटची, आणि तिचं नाव २ पॉइंटच्या अक्षरात.

आता सांगा, काकांनी झूम कशासाठी करायचं होतं? अक्षर लहान असलं तर निदान तिथे काहीतरी करडी पट्टी दिसते, माणसाला कळतं की इथे काहीतरी लिहिलंय. रेघ विरली की जागा कोरी दिसते आणि कोऱ्या जागेवर कुणी झूम करत नाही. काकांना आलेख पूर्ण दिसला असंच वाटत होतं. त्यांनी तो नीट वाचला होता, फक्त त्यात बजेट नव्हतं.

व्हेक्टरचं उत्तर यातच येऊन गेलं. फाइलमध्ये रेघ गणितात असेल, काचेवर ती पिक्सेलमध्येच उतरते. आणि ती कशी उतरेल ते पीडीएफ दाखवणारं ॲप ठरवतं. काही ॲप बारीक रेघ फिकट करतात, काही ओढून अख्ख्या एका पिक्सेलची करतात. ॲक्रोबॅटमध्ये कॉम्प्युटरवर बारीक रेघा ठळक दाखवायची सेटिंगच आहे, ती चालू असली की लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं आणि आपण फसतो. ओढून मोठी केली तरी प्रश्न सुटत नाही, कारण मग मागची जाळी आणि बजेटची रेघ दोन्ही एकाच जाडीच्या होतात. तुटक रेघांचं तर विचारूच नका. १ पॉइंटची ठिपक्यांची रेघ म्हणजे एक पिक्सेल भरलेला, एक मोकळा, आणि डोळ्याला ती सलग फिकट रेघ वाटते. सलग म्हणजे झालेलं आणि तुटक म्हणजे अंदाज असं कुणी ठरवलं असेल तर फोनवर अंदाजही झालेल्यात जमा.

राहिलं ते २५ टक्के झूम करून बघणं. काहीच न करण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन. माझ्या लॅपटॉपवर पट्टी लावली तर २५ टक्क्यांना स्लाइड आठ सेंटीमीटर भरते, पावणेसात नाही, तुमच्याकडे अजून वेगळी भरेल. अक्षराच्या आकाराचा अंदाज येतो पण रेघांचा नाही, कारण लॅपटॉपचे पिक्सेल वेगळे आणि दाखवणारं ॲप पण वेगळं. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे बघणारे तुम्ही असता. "मंजूर मर्यादा" तिथे लिहिलंय हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून ते तुम्हाला दिसतं.

मी आता काय करतो तर पीडीएफ काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतो, डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही. ब्राइटनेस निम्मा ठेवून दुपारी बाल्कनीत जातो, फोन उभा, हात नेहमीसारखा, झूम बंद. मग डेक न पाहिलेल्या माणसाला प्रत्येक स्लाइड पाच सेकंद दाखवायची आणि फोन काढून घ्यायचा. "दिसलं का?" असं अजिबात विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. "किती रेघा होत्या आणि कुठली कशाची?" असं विचारायचं.

टँकरची स्लाइड मी परत केली. मागची जाळी काढून टाकली. बजेटची रेघ ३ पॉइंटची, गडद लाल, आणि "मर्यादा ३०" हे ३२ मध्ये रेघेच्या अगदी टोकाला, वेगळी सूची ठेवलीच नाही. बारा महिन्यांची नावं ३० मध्ये मावेनात, तर फक्त मार्च, एप्रिल, मे ठेवले, बाकीचे पुढच्या स्लाइडवर. खर्चाचं पाच कॉलमचं टेबल मात्र आडव्या स्लाइडवर काही केल्या बसेना, तेव्हा पान उभं केलं, स्लाइड साइझमध्ये जाऊन पोर्ट्रेट. रुंदी साडेसात इंच झाली की फोनवर पावणेतीनपटच बारीक होतं, १८ चं अक्षर सहा-साडेसहाचं दिसतं. त्यातही तीनच कॉलम ठेवले, दोन उडवले, कुणी विचारलं नाही. उभं पान प्रोजेक्टरवर वाईट दिसतं, दोन्ही बाजूंना काळं राहतं, त्यामुळे सभेत दाखवायचा डेक वेगळा ठेवावा लागतो, कंटाळा येतो पण इलाज नाही.

नवीन स्लाइड आईला बाल्कनीत दाखवली, पाच सेकंद. म्हणाली, "लाल रेघेच्या वर गेलंय, एप्रिल आणि मे. पण ही रेघ महिन्याची का वर्षाची?"

ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.