बाटलीतलं फुप्फुस

रविवारी रात्री पावणेनऊला, मी शेवटचा आमटीभात कालवत असताना सईने सांगितलं, "बाबा, उद्या फुप्फुस न्यायचंय."

आठवीतल्या मुलांना गोष्टी आठवण्याची एक ठरलेली वेळ असते आणि ती स्टेशनरीची दुकानं बंद झाल्यावर येते. विज्ञानात श्वसनसंस्था चालू होती. बाटली, फुगा आणि रबराचा पडदा वापरून फुप्फुसाची प्रतिकृती करायची आणि तिचा अहवाल लिहायचा, असा गृहपाठ दहा दिवसांपूर्वी दिलेला. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष आणि शेवटी 'प्रतिकृतीच्या मर्यादा'. चार गुण एकट्या मर्यादांना होते. मला वाटलं, मर्यादा काय, त्या तर आपल्या घरात भरपूर आहेत.

कृती ऐकायला सोपी आहे. बाटलीचा बूड कापून टाकायचा. झाकणाला भोक पाडून त्यातून नळी आत सोडायची आणि नळीच्या आतल्या टोकाला फुगा बांधायचा. कापलेल्या बाजूला मोठ्या फुग्याचं रबर ताणून बसवायचं. बाटली म्हणजे छाती, नळी म्हणजे श्वासनलिका, फुगा म्हणजे फुप्फुस आणि खालचं रबर म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, श्वासपटल. ते खाली ओढलं की बाटलीतली जागा वाढते, आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळीतून फुग्यात शिरते. सोडलं की बाहेर. फुगे घरात होते, सईच्या वाढदिवसाचे उरलेले. त्यांतल्या एकावर 'हॅपी बर्थ' एवढंच उरलं होतं. फुप्फुसाला तेवढं पुरेसं होतं.

पहिली बाटली मी पाण्याची घेतली, एक लिटरची, हातात धरली की चुरचुर वाजणारी. स्क्रू ड्रायव्हर गॅसवर तापवून झाकणाला भोक पाडलं, सरबताची स्ट्रॉ घातली, फुगा दोऱ्याने करकचून बांधला आणि भोकाभोवती कणीक लिंपली. मोठ्या फुग्याच्या तोंडाला गाठ मारून त्याचा वरचा भाग कापला, म्हणजे गाठ ओढायला मुठीसारखी राहते. ही युक्ती माझी स्वतःची, निदान त्या रात्रीपुरती. रबर बाटलीवर ताणलं आणि फाटलं. प्लॅस्टिकची कापलेली कड सुरीसारखी असते, तिला आधी सेलोटेप गुंडाळावी लागते. दुसरा फुगा, सेलोटेप, पुन्हा ताणलं, गाठ धरून ओढली.

बाटली खचली. फुगा जागचा हलला नाही, पण बाटलीच्या दोन्ही बाजू आत गेल्या, जेवण न मिळालेल्या माणसाच्या गालांसारख्या.

"तुमचं फुप्फुस छातीला आत ओढतंय," सौ. ओट्यापाशी उभं राहून म्हणाली. तिने भांडी घासता घासता नेमकं निदान केलं होतं. पातळ बाटलीला आत खचणं हे फुग्याचं रबर ताणण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून वाढवलेली जागा बाटलीच आपली आपण भरून काढते. मग शेजारच्या जोशीकाकूंकडून सोड्याची जाड बाटली आणली. ती खचेना. तरी फुगा ढिम्म.

आता दोष दोन ठिकाणी असू शकत होता: हवा आत जायची वाट बंद किंवा नको तिथे उघडी. माझ्या बाबतीत दोन्ही खरं निघालं. दोरा इतका करकचून बांधला होता की स्ट्रॉ त्या जागी चपटी झाली होती. तिच्याऐवजी बॉलपेनची रिकामी टणक नळी बसवली. मग सईने झाकणाभोवती साबणाचा फेस लावला, नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि खालचा पडदा आत दाबला. कणकेतून एक बुडबुडा आला, फुगला आणि फुटला. मग दुसरा. कणीक वाळताना आक्रसते आणि कडेला केसाएवढी फट सोडते. त्या फटीतून हवा आरामात आत येत होती. फुग्याला रबर ताणावं लागतं, फटीला काहीच करावं लागत नाही, मग हवा फुग्यात कशाला जाईल?

इथे आईने, म्हणजे सईच्या आजीने, जपमाळ बाजूला ठेवली.

"भाऊचं असंच झालं होतं," ती म्हणाली.

भाऊकाका माझे सख्खे काका. स्कूटरवरून पडले, बरगडी मोडली आणि छातीत हवा शिरली. मी तेव्हा सहावीत होतो. मला एवढंच आठवतं की त्यांच्या कुशीतून एक नळी निघून खाटेखालच्या काचेच्या बाटलीत गेली होती. बाटलीत पाणी होतं, नळीचं टोक पाण्याखाली आणि काका खोकले की बुडबुडे यायचे. मी ते तासभर बघत बसलो होतो. आता कळलं की तिथलं पाणी हे नुसतं झाकण होतं. छातीतली हवा पाण्यातून बाहेर पडू शकते, पण बाहेरची हवा पाणी ओलांडून आत जाऊ शकत नाही. काकांच्या फुप्फुसाभोवतीच्या जागेत हवा शिरली की फुप्फुस आक्रसतं, छाती कितीही वर-खाली झाली तरी ते नीट फुगत नाही. आमची कणकेची बाटली त्यावेळी बरोबर हेच करत होती. बिघडलेली प्रतिकृती चांगल्या प्रतिकृतीपेक्षा खरी निघावी, हे मला जरा अपमानास्पद वाटलं.

एम-सील लावलं, अर्धा तास वाळू दिलं. फुगा आधी चार-पाच वेळा तोंडाने फुगवून सैल केला (कोरा फुगा फार ताठ असतो). साडेदहाला गाठ ओढली आणि 'हॅपी बर्थ' हळूच फुगलं. सोडलं, मिटलं. आम्ही चौघं वीस मिनिटं पाळीपाळीने गाठ ओढत होतो.

मग अहवाल. निष्कर्षापर्यंत सईने सरळ लिहिलं. पण मर्यादांशी आली आणि तिने लिहिलं, 'ही प्रतिकृती प्लॅस्टिकची आहे, खरी फुप्फुसे प्लॅस्टिकची नसतात.' मी म्हटलं, याला चार गुण मिळणार नाहीत.

"मग यातलं काय खोटं आहे ते विचारा ना," आई म्हणाली आणि स्वतःच सुरुवात केली. "हा पडदा खाली ओढणारा हात पोटात कुणाचा असतो?"

कुणाचाच नसतो. श्वासपटल हा स्वतःच स्नायू आहे, तो स्वतः आकुंचन पावतो. शिवाय आपला पडदा आरामात असताना सपाट असतो आणि ओढल्यावर खाली फुगतो. खरा आरामात असताना पालथ्या वाटीसारखा वर छातीत घुसलेला असतो आणि आकुंचन पावला की सपाट होतो. म्हणजे आमची बाटली सपाटपासून सुरुवात करते, शरीर सपाटपाशी थांबतं. सईने बोटांनी पडदा आधी वर आत ढकलला आणि मग सोडून सपाट होऊ दिला, ते जास्त बरोबर दिसत होतं. फुगा फारसा फुगला नाही, पण तिने ते निरीक्षणात लिहिलं.

"आणि फासळ्या?" आईने स्वतःच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले. श्वास घेतला की तळवे बाहेर आणि थोडे वर जातात. बाटली मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच. ज्या टणकपणासाठी आम्ही जोशीकाकूंची बाटली आणली, तोच तिचा मोठा दोष ठरला. छातीचा पिंजरा टणक असतो आणि हलतोही, बाटलीला दोन्ही एकदम जमत नाही.

"दुसरं कुठंय?" ही तिसरी शंका. आमच्या बाटलीत एकच फुगा. सईच्या मैत्रिणीने दोन फांद्यांची नळी आणून दोन फुगे लावले होते, म्हणून सईला जरा कमीपणा वाटत होता. पण त्या बाटलीतही दोन्ही फुगे एकाच पोकळीत असतात. बाटलीला भोक पडलं की दोन्ही बंद. आपल्या दोन फुप्फुसांना दोन वेगळी आवरणं असतात, म्हणून भाऊकाकांचं एक फुप्फुस मिटलं तरी दुसरं चालू राहिलं. आणि आमच्या फुग्याभोवती एवढी हवा मोकळी आहे की त्यात अजून तीन फुगे मावतील, तर फुप्फुस आणि छाती यांच्यामध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्रवाचा पातळ थर असतो. ती दोन्ही एकमेकांना चिकटून हलतात, दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात तशी.

मोजमापाचा आग्रह माझा. पोरीच्या गृहपाठात आपलं काहीतरी असावं, असं प्रत्येक बापाला वाटतं. बाटलीची कापलेली बाजू ८ सेंमी व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंमी. गाठ ३ सेंमी ओढली की पडद्याचा शंकू होतो आणि शंकूचं घनफळ पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले ३. म्हणजे ५० घन सेंमी, ५० मिलिलिटर. फुग्यात याहून जास्त हवा जाणार नाही, रबर ताणण्यात दाब खर्च होतो म्हणून थोडी कमीच. आणि माणूस शांत बसलेला असताना एका श्वासाला साधारण ५०० मिलिलिटर घेतो. म्हणजे आमचं फुप्फुस एका श्वासात दहावा हिस्सा घेतं. शिवाय माणूस श्वास सोडून थांबला तरी त्याच्या फुप्फुसांत दोन-सव्वादोन लिटर हवा उरलेली असते. आमचा फुगा मात्र वाळक्या मिरचीसारखा रिकामा पडतो.

फुगा आतून पोकळ आहे, फुप्फुस स्पंजासारखं कोट्यवधी वायुकोशांनी भरलेलं आहे आणि बाटलीत ऑक्सिजन रक्तात जात नाही, हे सईने स्वतःहून लिहिलं. हे पुस्तकात होतं, म्हणून मला फार कौतुक वाटलं नाही.

झोपण्याआधी मोबाइलवर वाचलं की सतराव्या शतकात जॉन मेयो नावाच्या इंग्रजाने भात्यात जनावराचं मूत्राशय बसवून हेच दाखवलं होतं. भाता उघडला की मूत्राशय फुगायचं. तेव्हा एम-सील नव्हतं. रात्री साडेबाराला मला त्याच्याविषयी फार आदर वाटला.

मंगळवारी वही परत आली. दहापैकी साडेआठ. मर्यादांना चारपैकी चार आणि समासात लाल शाईत एकच शेरा: 'आकृती पेन्सिलीने काढावी.' आकृती माझी होती.

बाटली आता आईच्या खोलीत खिडकीवर आहे. काल पहाटे मी डोकावलो तर ती मांडी घालून बसली होती, मांडीवर बाटली. पूरक म्हणत गाठ ओढली, फुगा फुगला. रेचक म्हणत सोडली, मिटला. मग कुंभकासाठी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पुन्हा गाठ ओढायला गेली. पडदा पहिल्यासारखा सहज येईना. फुगा तसूभर हलला नाही. अंगठा काढताच दोन्ही एकदम हलले.

"हं," आई म्हणाली, "एवढं बरोबर जमलंय."