परीक्षेचं स्वप्न तयारीचा निकाल देत नाही

"शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली तरी परीक्षेची स्वप्नं पडतात? ज्यांचा पेपर खरोखर वाईट गेला होता त्यांनाच ती पडतात. तुमची आजच्या कामाची तयारी अपुरी आहे, हे अंतर्मन तुम्हाला सांगतंय. स्वप्न थांबेपर्यंत मेहनत वाढवा."

हा मजकूर गेल्या वर्षभरात माझ्याकडे निदान पाच-सहा जणांनी पुढे पाठवला. मी फोंड्याला समुपदेशनाचं काम करतो. त्यातल्या एकाने त्यावर विश्वास ठेवून स्वतःची झोप इतकी मोडून घेतली की अखेर माझ्याकडे यावं लागलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे. ज्यांची गोष्ट खाली येते त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी नापासांचा मुद्दा. याच्या नेमकं उलट निरीक्षण शंभरेक वर्षांपूर्वी नोंदलं गेलं आहे. सिग्मंड फ्रॉइडने स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात विल्हेल्म श्टेकेल या सहकाऱ्याचं म्हणणं दिलं आहे: शालान्त परीक्षेचं स्वप्न ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच पडतं, नापास झालेल्यांना पडत नाही. फ्रॉइडने स्वतःचाही दाखला दिला. न्यायवैद्यक या विषयात तो खरोखर नापास झाला होता, पण त्या परीक्षेचं स्वप्न त्याला कधी पडलं नाही. स्वप्नात यायचे ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. या परीक्षांना तो धास्तावून गेला होता, पण पासही झाला होता.

श्टेकेलचं म्हणणंही नियम म्हणून घेऊ नका. ते एका डॉक्टरचं आपल्या परिचितांवरून बांधलेलं मत होतं आणि दहावीला एकदा नापास झालेला, तरी हे स्वप्न पाहणारा माणूस मला भेटलेला आहे. पण त्यावरून एवढं कळतं की स्वप्नाचा धागा मार्कांशी जोडलेला नसतो. निकालाआधीच्या धास्तीशी तो जोडलेला असतो, आणि ती धास्ती पहिल्या नंबराच्या मुलीलाही असते. बोर्डाचा पेपर म्हणजे अनोळखी केंद्र, हातात हॉल तिकीट, घंटा होताच वेळ संपलेली, आणि एकदा पुरवणी बांधून दिली की काही दुरुस्त करता येत नाही. बहुतेकांच्या आयुष्यात अशी वेळ पहिल्यांदा पंधराव्या-सोळाव्या वर्षी येते. पुढे कधी तशीच भावना दाटली की मनाजवळ तिच्यासाठी ते चित्र तयारच असतं.

आता दुसरा मुद्दा, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. तो मजकूर वाचून आलेले गृहस्थ सेहेचाळीस वर्षांचे, एका पतसंस्थेत हिशेबनीस. स्वप्न नेहमी एकच. दहावीचा गणिताचा पेपर. गाव नदीपलीकडे, फेरीबोट नुकतीच सुटलेली, हे धक्क्यावर उभे. कसंबसं केंद्रावर पोचायचं तर प्रश्नपत्रिकेतली अक्षरं लागत नाहीत. दहावीला गणितात यांना चांगले मार्क होते आणि त्या दिवशी फेरी चुकलीही नव्हती.

पतसंस्थेत नवीन संगणक प्रणाली आली होती. यांनी हिशेब जुळवला की आपण कामात मागे पडतो आहोत आणि अंतर्मनाला ते ठाऊक आहे. रात्री उशिरापर्यंत बसू लागले, पहाटे चारचा गजर लावू लागले. स्वप्नं कमी व्हायच्या ऐवजी रविवारी, उशिरा उठायच्या दिवशी, जास्तच ठळक होऊन येऊ लागली.

मी त्यांना उशाशी वही ठेवायला सांगितली. त्यात लिहायचं ते इतकंच: तारीख, दोन ओळींत स्वप्न, त्यातली सगळ्यात तीव्र भावना, झोपल्या-उठल्याची वेळ, आणि आदल्या दिवशी काय झालं नि पुढच्या तीन दिवसांत काय यायचं आहे. स्वप्न न पडलेल्या दिवसाचीही नोंद हवी, यावर मी अडून बसलो. लोक फक्त स्वप्नाचे दिवस लक्षात ठेवतात आणि मग कशाचाही संबंध कशाशीही लागतो. गणपतीची चवथ झाल्यावर त्यांनी सुरुवात केली आणि दहा आठवडे वही इमानाने भरली.

दहा आठवड्यांत परीक्षेची अकरा स्वप्नं पडली. सप्टेंबर अखेरीला सहामाहीचे हिशेब होते, कामाचा सगळ्यात मोठा ताण तोच, आणि त्या आठवड्यात एकही स्वप्न नव्हतं. एक स्वप्न ऑडिटर यायच्या आदल्या रात्रीचं. तीन स्वप्नांचा कशाशीच मेळ बसेना. उरलेली सात गावच्या उत्सवी नाटकाच्या तालमीच्या आदल्या नाहीतर त्याच रात्रीची होती. जत्रेच्या नाटकात ते वीस वर्षं काम करतात. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलीही नव्हती, कारण त्यांच्या लेखी ती हौस होती.

मग बोलता बोलता कळलं की आदल्या वर्षी दुसऱ्या अंकात ते मध्येच थांबले होते. प्रॉम्प्टरचा आवाज आला नाही. पुढचं वाक्य सापडेपर्यंत समोर सगळा गाव बसलेला. हिशेबात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी नोंद फिरवता येते. रंगभूमीवर ते शक्य नाही, पेपरातही नव्हतं. ऑडिटरची रात्र वहीत का आली असेल, तेही इथे कळतं: समोर बसून कोणीतरी तपासणार होतं.

तयारी कमी होती का, हे तपासायचा मार्ग सरळ होता. बायकोने संवादांची नक्कल हातात धरली आणि यांनी आपली सगळी वाक्यं म्हणून दाखवली. तीन ठिकाणी शब्द मागेपुढे झाले, बाकी सगळं तोंडपाठ. म्हणजे तयारी होती आणि भीतीही होती. स्वप्नाने भीतीची वेळ बरोबर दाखवली. तयारीबद्दल मात्र ते काहीच सांगत नव्हतं.

अशी स्वप्नं आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध तपासलेला एक चांगला अभ्यास आहे. इझाबेल आर्नुल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वप्नांविषयी विचारलं. २३२४ पैकी ७१९ जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या साठ टक्के विद्यार्थ्यांना आदल्या रात्री परीक्षेचंच स्वप्न पडलं होतं, आणि अशा स्वप्नांपैकी ७८ टक्क्यांत काहीतरी बिनसलेलं होतं, मुख्यतः उशीर होणं आणि उत्तरं न आठवणं. पण ज्यांनी असं स्वप्न पाहिल्याचं सांगितलं त्यांची कामगिरी सरासरीने थोडी बरी होती.

यावरून "वाईट स्वप्न पडलं म्हणजे यश नक्की" असा उलटा संदेश कोणी तयार करू नये. फरक फारच लहान होता, दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी उत्तरच दिलं नव्हतं, आणि ती मुलं खऱ्या परीक्षेच्या उंबरठ्यावर होती. पंचवीस वर्षांनंतरच्या स्वप्नांबद्दल हा अभ्यास बोलत नाही. मात्र स्वप्नातलं अपयश हे अपुऱ्या तयारीचं लक्षण असतं तर आकडे उलट्या बाजूला झुकायला हवे होते.

अक्षरं न लागण्याचंही लोक मनावर घेतात, म्हणून तेवढं सांगतो. ठळक स्वप्नं बहुतेक ज्या झोपेत पडतात तिला रेम झोप म्हणतात. तीत डोळे बंद पापण्यांखाली भराभर हलतात. त्या वेळी मेंदूतले भावनेशी निगडित भाग जोरात चालतात आणि तर्क, क्रम, ताळा सांभाळणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. तिथे भीती खरी वाटणं आणि गणित न सुटणं दोन्ही साहजिक आहे. वाचता न येणं ही त्या झोपेची तऱ्हा आहे, तुमच्या बुद्धीची नव्हे.

आणि म्हणूनच तिसरा मुद्दा, मेहनत वाढवण्याचा, मला घातक वाटतो. रेम झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात असतो. चारचा गजर नेमका तोच भाग कापतो. काही दिवस तो कापला की संधी मिळताच शरीर थकबाकी वसूल करतं आणि स्वप्नं दाट होऊन येतात. यांचे रविवार असे होते. रात्री दारू घेणाऱ्यांनाही हा अनुभव येतो: आधी स्वप्नं दबतात आणि पहाटे उसळून येतात.

आम्ही गजर पुन्हा साडेसहावर नेला. पाठांतर वाढवलं नाही. वाक्य विसरल्यावर काय करायचं, त्याची तालीम सुरू केली. समोरचा नट मुद्दाम एखादं वाक्य गाळायचा आणि यांनी थांबलेल्या जागेवरून प्रसंग पुढे न्यायचा. पहिल्या दिवशी घाम फुटला, चौथ्या-पाचव्या दिवशी ते स्वतःहून वाक्यं गाळून पाहू लागले. सोबत रोज दुपारी दहा मिनिटं जागेपणी ते स्वप्न पुन्हा आठवायचं, पण शेवट बदलून: फेरी सुटली आहे, ते धक्क्यावर बसतात, पुढची फेरी येते, केंद्रावर पोचतात, पर्यवेक्षक जागा दाखवतो. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर ही पद्धत मान्यता पावलेली आहे. बदललेला शेवट ज्याचा त्याने ठरवायचा असतो. मी सुचवला असता तर तो त्यांच्या मनात रुजला नसता.

काही वेळा यातलं काहीच लागू पडत नाही. रक्तदाबाची किंवा नैराश्याची काही औषधं स्वप्नं ठळक करतात. नवीन गोळी आणि नवीन स्वप्नं एकाच सुमाराला सुरू झाली असतील तर डॉक्टरांना तारखा सांगा, गोळी मनाने बंद करू नका. आठवड्यातून अनेकदा घाबरून जाग येते, झोपायचीच भीती वाटते, किंवा दिवसाही लोकांसमोर बोलायची वेळ टाळली जाते, असं असेल तर वही पुरी होण्याची वाट न पाहता दाखवायला जावं.

जत्रेच्या आदल्या रात्री स्वप्न पुन्हा पडलं. वहीत नोंद आहे: फेरी सुटली, पेपर सुरू झालेला, भावना भीती, झोप पावणेसात तास. त्यांनी सकाळी मला फोन करून तेवढंच वाचून दाखवलं आणि विचारलं, "म्हणजे आज ठरल्याप्रमाणेच ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या अंकात त्यांचं एक वाक्य गेलं. समोरच्या नटाने नंतर सांगितलं की ते गेल्याचं त्याला विंगेत आल्यावर कळलं.